शून्य परिकल्पनेचा ‘स्वीकार’ (सांख्यिकी)

परिकल्पना चाचणीत ‘काही फरक नाही’ अशी शून्य परिकल्पना आधी गृहीत धरतात आणि ती खरी असती तर हातातला किंवा त्याहून टोकाचा निकाल येण्याची संभाव्यता, म्हणजे पी-मूल्य, काढतात. उत्तरात हे पी-मूल्य आधी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा, म्हणजे सार्थकता पातळीपेक्षा, मोठे आले की ‘शून्य परिकल्पना फेटाळता येत नाही’ असा निष्कर्ष लिहायचा असतो. पुष्कळ विद्यार्थी त्याऐवजी ‘शून्य परिकल्पना स्वीकारली’ असे लिहितात आणि सगळी आकडेमोड बरोबर असूनही शेवटच्या ओळीत गुण गमावतात. अमेरिकेतील शालेय विद्यार्थ्यांच्या एपी स्टॅटिस्टिक्स परीक्षेत हे ठळकपणे दिसते. तिथे दीर्घोत्तरी प्रश्नाच्या प्रत्येक भागाला ‘मूलतः बरोबर’, ‘अंशतः बरोबर’ किंवा ‘चूक’ असा शेरा मिळतो. निष्कर्षात शून्य परिकल्पना खरी ठरल्याचा अर्थ निघत असेल, तर त्या भागाला ‘मूलतः बरोबर’ दिले जात नाही. वरवर हा शब्दांचा कीस वाटतो. प्रत्यक्षात ‘स्वीकारली’ म्हणणारा विद्यार्थी हातातल्या पुराव्यातून न निघणारी गोष्ट ठामपणे सांगत असतो.

एक साधा प्रश्न घेऊ. एक नाणे २० वेळा उडवले आणि १३ वेळा छापा पडला. ५ टक्के सार्थकता पातळीवर नाणे समतोल आहे का ते तपासा. छापा पडण्याची संभाव्यता p मानली, तर शून्य परिकल्पना H₀ : p = ०.५ आणि पर्यायी परिकल्पना H₁ : p ≠ ०.५. नाणे समतोल असते तर २० पैकी १३ किंवा त्याहून जास्त छापे पडण्याची संभाव्यता ०.१३१६ आहे. दोन्ही बाजू धरल्या की पी-मूल्य सुमारे ०.२६ येते. ते ०.०५ पेक्षा बरेच मोठे आहे. इथपर्यंत सगळ्यांचे उत्तर सारखेच असते.

आता विद्यार्थी लिहितो, ‘म्हणून H₀ स्वीकारतो. नाणे समतोल आहे.’ त्याने याच निकालावर H₀ : p = ०.६ ही परिकल्पना तपासली असती तर काय झाले असते? २० फेकींत सरासरी १२ छापे अपेक्षित असतात आणि १३ पडले, म्हणजे तीही फेटाळली गेली नसती. p = ०.७ घेतले तर अपेक्षा १४ ची. तीही टिकते. ‘न फेटाळणे म्हणजे स्वीकारणे’ हा नियम धरला, तर एकच नाणे एकाच वेळी ०.५, ०.६ आणि ०.७ अशा तिन्ही संभाव्यतांचे आहे असे स्वीकारावे लागेल. हे अशक्य आहे. या निकालावरून p चा ९५ टक्के विश्वास अंतराल साधारण ०.४१ ते ०.८५ येतो. त्या पट्ट्यातली प्रत्येक किंमत या २० फेकींशी जुळते, ०.५ ही त्यांपैकी केवळ एक. माझ्या मते ‘स्वीकार’ का चुकीचा, हे समजावण्याचा याहून सरळ मार्ग नाही, आणि वर्गात व्याख्येच्याही आधी हाच दाखवावा.

दुसरे कारण नमुन्याच्या आकारात आहे. नाणे फक्त ५ वेळा उडवले आणि पाचही वेळा छापा पडला, तरी दोन्ही बाजूंचे पी-मूल्य २/३२ म्हणजे ०.०६२५ येते. म्हणजे ५ फेकींत काहीही घडले तरी ५ टक्के पातळीवर H₀ फेटाळलीच जाऊ शकत नाही. दोन्ही बाजूंना छापा असलेले नाणेसुद्धा या चाचणीत अडकणार नाही. न फेटाळण्याला स्वीकार म्हटले, तर हवी ती शून्य परिकल्पना ‘सिद्ध’ करायला फक्त कमी माहिती गोळा केली की पुरे!

२० फेकींतही परिस्थिती फारशी सुधारत नाही. इथे H₀ फेटाळायला ५ किंवा त्याहून कमी, नाहीतर १५ किंवा त्याहून जास्त छापे पडावे लागतात. समजा नाणे खरोखर कललेले आहे आणि p = ०.६ आहे. तरीही निकाल या सीमांपलीकडे जाण्याची संभाव्यता फक्त ०.१३ च्या आसपास आहे. हिलाच चाचणीची शक्ती म्हणतात. म्हणजे असा प्रयोग १०० वेळा केला तर सुमारे ८७ वेळा कललेले नाणे सुटून जाईल. खरी H₀ चुकून फेटाळण्याची जोखीम आपण आधीच ५ टक्क्यांवर बांधून घेतलेली असते. खोटी H₀ न फेटाळण्याची जोखीम मात्र अशी बांधलेली नसते, ती नमुन्यावर आणि खऱ्या फरकाच्या आकारावर अवलंबून राहते. म्हणून ‘फेटाळली’ हे ठामपणे लिहिता येते आणि ‘स्वीकारली’ हे लिहिता येत नाही. छाप्यांचे प्रमाण तेच ठेवून फेकी २०० केल्या आणि १३० छापे पडले, तर पी-मूल्य ०.०००१ च्याही खाली जाते आणि H₀ नि:संशय फेटाळली जाते.

पूर्ण गुणांचा निष्कर्ष असा लिहिता येतो: ‘पी-मूल्य ०.२६ हे ०.०५ पेक्षा मोठे असल्यामुळे H₀ फेटाळता येत नाही. नाणे समतोल नाही असे म्हणण्याइतका पुरावा या २० फेकींतून मिळत नाही.’ यात पी-मूल्याची तुलना आहे, निर्णय आहे आणि प्रश्नाच्या संदर्भात पर्यायी परिकल्पनेविषयीचे विधान आहे. पहिले वाक्य नीट लिहून पुढे ‘म्हणजेच नाणे समतोल आहे’ अशी पुस्ती जोडली, तर गुण तरीही जातात. ‘स्वीकार’ हा शब्द टाळला, पण अर्थ तोच राहिला. ‘दोन गटांत फरक नाही हे सिद्ध झाले’ हे वाक्यही याच जातीचे.

‘स्वीकार’ हा शब्द पाठ्यपुस्तकांत आला तो उगाच नव्हे. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ मध्येच स्पष्ट लिहिले होते की प्रयोगातून शून्य परिकल्पना कधीही सिद्ध होत नाही, फार तर खोटी ठरू शकते. जर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांच्या मांडणीत मात्र ‘स्वीकार’ हा शब्द आहे. त्यांच्या लेखी तो पुढची कृती ठरवण्याचा नियम होता: मालाची खेप घ्यायची की परत पाठवायची. परिकल्पना खरी आहे असा विश्वास त्यात अभिप्रेत नव्हता. शिवाय त्या मांडणीत दुसऱ्या प्रकारच्या चुकीचाही, म्हणजे खोटी H₀ न फेटाळण्याच्या जोखमीचाही, हिशेब आधी करावा लागतो. आपल्याकडील अनेक पुस्तकांत आणि शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत ‘शून्य परिकल्पनेचा स्वीकार केला’ हा शब्दप्रयोग रुळला, पण तो हिशेब मागे राहिला. त्यामुळे काही परीक्षक हे वाक्य चालवून घेतात आणि काही गुण कापतात. ‘फेटाळता येत नाही’ हे दोघांनाही मान्य असते.

फरक नाही हे खरोखरच दाखवायचे असेल, तर प्रश्न उलटा मांडावा लागतो. जेनेरिक औषध मूळ औषधाइतकेच शरीरात शोषले जाते का, हे तपासताना ‘दोघांत लक्षणीय तफावत आहे’ हीच शून्य परिकल्पना धरतात. दोन्ही औषधांच्या शोषणाच्या गुणोत्तराचा ९० टक्के विश्वास अंतराल पूर्णपणे ८० ते १२५ टक्के या मर्यादेत बसला, तरच ती फेटाळली जाते. तिथे नमुना अपुरा असेल तर अंतराल रुंद होतो, मर्यादेबाहेर जातो आणि औषध समतुल्य ठरत नाही.