धुक्यातल्या घाटात स्टुडिओतला माणूस उभा करताना

जुलैतल्या आंबोली घाटाचा फोटो आहे. सगळीकडे धुकं, आणि कडेला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कठडा. त्याच्याशेजारी स्टुडिओत फ्लॅशवर टिपलेला एक माणूस कापून चिकटवायचा आहे. कडा कितीही सफाईने कापल्या तरी तो वरून डकवल्यासारखाच दिसतो. याचं कारण बहुतेक वेळा कडांमध्ये नसतं, त्याच्या केसांतल्या काळ्या रंगात असतं.

धुक्यात खरा काळा रंग कॅमेऱ्यापर्यंत पोचतच नाही. मधल्या हवेतले पाण्याचे थेंब आजूबाजूचा प्रकाश विखुरतात आणि तो प्रत्येक बिंदूवर चढतो. वस्तू जितकी लांब, तितका हा चढलेला प्रकाश जास्त आणि तिचा स्वतःचा प्रकाश कमी. हे गणित जर्मन हवामानशास्त्रज्ञ हाराल्ड कोश्मीडर यांनी 1924 मध्ये मांडलं. फोटोशॉपच्या लेव्हल्समधली खालची पट्टी, म्हणजे आउटपुट लेव्हल्स, ढोबळमानाने तेच करते. ती काळा वर उचलते आणि उरलेल्या छटा कमी जागेत बसवते. वरच्या इनपुट पट्टीचं काम याच्या बरोबर उलट, ती कॉन्ट्रास्ट ताणते. आपल्याला इथे खालची हवी.

फोटोशॉपमध्ये आयड्रॉपरचा नमुना 5 बाय 5 सरासरीवर ठेवा, नाहीतर एखाद्या पिक्सेलचा दाणा आकडा बिघडवतो. मग इन्फो पॅनेल उघडा. माणूस ज्या अंतरावर उभा करायचाय, त्याच अंतरावरच्या कठड्याचे पट्टे मोजा. समजा काळा पट्टा लाल 52, हिरवा 58, निळा 66 आला आणि पांढरा 205, 209, 213. माणसाच्या केसांत तिन्ही चॅनेल 10 आहेत, सदऱ्यावर 245. पांढऱ्यासाठी धुकट आकाश मोजायचा मोह टाळा. आकाश स्वतःच उजेडाचा स्रोत आहे, सदरा नाही. शिवाय ढगाळ उजेडात पांढरं कापड फ्लॅशखाली दिसतं तितकं उजळ येत नाही.

आता माणसाच्या लेयरवर लेव्हल्सचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर घ्या आणि Alt+Ctrl+G दाबून तो फक्त त्याच्यापुरता बांधा. लाल चॅनेल निवडून आउटपुटचे आकडे 45 आणि 212 द्या. म्हणजे 10 चा साधारण 52 होतो आणि 245 चा 205. हिरव्यात 52 आणि 215, निळ्यात 60 आणि 219. एकत्रित RGB वरच काम उरकलं तर काळा उचलला जातो, पण राखाडी राहतो. घाटातल्या सावलीची निळसर झाक त्यात उतरत नाही आणि माणूस मळकट दिसतो. ही चूक फार सर्रास होते.

टोकं जुळली तरी मधल्या छटा जुळल्या असं नाही. स्टुडिओतल्या चेहऱ्याचा उजेडाकडचा गाल 215 आणि दुसरा 70 असेल, तर लाल चॅनेलमध्ये ते आता अंदाजे 186 आणि 91 झाले. धुक्यात उजेड चहूबाजूंनी येतो, त्यामुळे एवढा फरकही जास्तच वाटतो. लेव्हल्सच्या वर कर्व्ह्ज बांधा, 91 च्या आसपास बिंदू घेऊन तो 102-105 पर्यंत उचला आणि उजळ गालाजवळ दुसरा बिंदू जागेवर रोवा. दोन्ही टोकांना हात लावू नका, ती आधीच बसली आहेत. बिंदू फार उचलला तर रेषा मध्येच आडवी होते आणि गाल मेणाचा दिसतो. नाकाची धारदार सावली मात्र कर्व्ह्जने पुसली जाणार नाही. उजेडाची दिशाच वेगळी असेल तर दुसरा फोटो शोधलेला बरा.

पायाखालची सावली हमखास विसरली जाते. ती वेगळ्या लेयरवर असते, त्यामुळे बांधलेली दुरुस्ती तिला लागत नाही. शुद्ध काळ्याने रंगवलेली सावली 20-25 वर गेली, की सगळी मेहनत वाया, कारण तेवढं गडद त्या अंतरावर दुसरं काहीच नाही. तिचा रंग काळ्या पट्ट्यावरून उचला आणि लेयर नॉर्मल मोडमध्येच ठेवा. मल्टिप्लाय केलं तर ती पुन्हा त्याखाली घसरेल.

तपासणीसाठी सगळ्यांच्या वर तात्पुरता लेव्हल्स लेयर टाकून इनपुटचा पांढरा 90 वर ओढा. 52 आणि 35 यांतला 17 चा फरक डोळ्याला सहज चुकतो. इथे तेच आकडे 147 आणि 99 होतात, आणि केस कठड्यापेक्षा काळे असले तर लगेच उठून दिसतात. मग पांढरा 255 वर परत नेऊन काळा 180 वर आणा, म्हणजे सदरा आणि पांढरा पट्टा शेजारी शेजारी ताडता येतील. काम झालं की हा लेयर काढून टाका. माणूस कठड्यालगत मागे सरकवलात, तर तिथले पट्टे पुन्हा मोजावे लागतील. दाट धुक्यात थोड्याशा अंतरानेही काळ्याचा आकडा बराच चढतो.