लोदच्या फरशीखालची पावलं

इस्रायलमध्ये तेल अवीवजवळच्या लोद गावात 1996 साली रस्त्याचं काम चालू असताना एक रोमनकालीन मोझेक फरशी सापडली. सतराशे वर्षांपूर्वीची, जवळपास 180 चौरस मीटरची. मासे, जहाजं, हत्ती, वाघ असं सगळं तिच्यावर. 2009 मध्ये जतनासाठी तिचे तुकडे उचलले, तेव्हा खालच्या चुन्याच्या थरात पावलांचे ठसे निघाले. काही अनवाणी, काही चपलांचे. आखणीसाठी ओढलेल्या रेषाही होत्या. मला त्या चित्रांपेक्षा ही पावलंच जास्त आवडतात, कारण काम कसं चाललं असेल ते तीच सांगतात. चुना ओला असताना माणसं त्याच्यावर वावरली, आणि दगड त्यानंतर बसले.

(आपल्या जुन्या घरांतली मोझेक लादी वेगळी. ती सिमेंटमध्ये दगडाची खडी घालून साच्यात ओततात. इथे प्रत्येक तुकडा हाताने बसवलेला असतो.)

अशा फरशीचा पाया कसा घालायचा ते रोमन वास्तुकार व्हित्रुव्हियस याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहून ठेवलं आहे. तळाला मुठीएवढे दगड. त्यावर तीन भाग खडी आणि एक भाग चुना यांचा थर, चांगला धुमसून. त्याच्यावर तीन भाग विटांचा चुरा आणि एक भाग चुना. हा चुरा म्हणजे आपली सुरखी, जी आपल्याकडच्या जुन्या बांधकामांतही चुन्यात मिसळत. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत बाहेरून आत हळूहळू कडक होतो, आणि फरशीखाली हवा पोचते किती? भाजलेल्या मातीतली सिलिका मात्र चुन्याशी पाण्यातच संयोग पावते. त्यामुळे सुरखीचा थर खोलवर आणि ओलाव्यातही घट्ट होतो.

सगळ्यात वर चुन्याचा पातळ लेप, आणि तुकडे त्यात रुततात. खरी घाई इथे असते. लेप सुकायला लागला की तुकडा नुसता वर टेकतो, बाजूने चुना चढत नाही, आणि पुढे पायाखाली तो सुटून येतो. म्हणून हातून जेवढं बसवून होईल तेवढ्याच जागेवर लेप टाकायचा. एक सेंटिमीटरचे तुकडे धरले तर एका चौरस मीटरला साधारण दहा हजार लागतात. चार मिलिमीटरचे घेतले तर साठ हजारांच्या आसपास. एवढे तुकडे आधी फोडून, रंगवार वेगळे करून हाताशी ठेवलेले नसतील तर काम पुढे सरकणारच नाही.

फोडण्याची पद्धत आजही इटलीत स्पिलिंबेर्गोच्या मोझेक विद्यालयात शिकवतात. लाकडाच्या ओंडक्यात एक छिन्नी धार वर करून उभी रोवलेली असते. दगडाची कांडी डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरून तिच्या धारेवर टेकवायची, आणि धारदार तोंडाच्या हातोडीने बरोबर त्याच रेषेत वरून टोला द्यायचा. टोला हलकाच पुरतो. दगड दाबाला खंबीर, पण ताणाला फार कच्चा. वरच्या आणि खालच्या धारेच्या मध्ये ताण पडतो आणि तडा एका सरळ रेषेत पळतो. हातोडी केसभर जरी बाजूला पडली तरी तडा वाकडा जातो आणि तुकडा पाचरीसारखा निघतो. बारीक कणांचा चुनखडक स्वच्छ फुटतो. मोठ्या स्फटिकांचा संगमरवर मात्र कडेला भुगा होतो, म्हणून बारीक कामाला तो त्रास देतो.

दगडात पांढरा, काळा, तांबडा, पिवळा मिळतो. चकचकीत निळा आणि हिरवा मिळत नाही, म्हणून तिथे काच लागते. वितळलेल्या काचेत निळ्यासाठी कोबाल्ट घालायचा. ती अपारदर्शक व्हावी म्हणून अँटिमनी. मग ती ओतून चपटी वडी करायची आणि तीही त्याच छिन्नीवर फोडायची. पारदर्शक काच इथे कामाची नाही, कारण तिच्यातून खालचा चुना दिसेल आणि रंग फिका पडेल.

बसवून झालं की सांध्यांत चुना भरायचा आणि पृष्ठभाग दगडाने घासून सपाट करायचा. जमिनीत गाडलेल्या काचेतले क्षार मात्र ओलाव्यात हळूहळू विरघळून जातात. तिचे पापुद्रे सुटतात, आणि तुकडा निखळून गेला की मागे उरतो तो चुन्यातला चौकोनी खळगा. पायाखालच्या फरशीत काच बेताने, नेमक्या जागी वापरलेली दिसते. ती भरपूर वापरलेली दिसते भिंतींवर आणि कारंज्यांत, जिथे पाय पडत नाही आणि उजेड तिरका येतो.