डच पावसातल्या नळ्या कुठल्या?

“डच लोक ‘पाइपांचा पाऊस पडतोय’ म्हणतात, म्हणजे नळाच्या पाइपातून पाणी कोसळावं तसा पाऊस ना?”

नाही, पाण्याच्या पाइपाशी याचा संबंध नाही. मूळ वाक्य आहे ‘हेट रेखेंट पैपेनस्टेलेन’, आणि त्यातली नळी आहे तंबाखू ओढायच्या मातीच्या चिलमीची, म्हणजे तिचा लांब, बारीक, सरळ दांडा.

नेदरलँड्समधलं खाउडा शहर आज चीजसाठी ओळखलं जातं, पण सतराव्या शतकापासून ते या चिलमींसाठीही प्रसिद्ध होतं. कारागीर पांढऱ्या मातीची वळी करून तिच्यात तार घालत, म्हणजे धुरासाठी पोकळी राहायची. मग दोन भागांच्या धातूच्या साच्यात ती दाबून भट्टीत भाजत. दांडा हातभर लांबही असे आणि सहज मोडे. म्हणून तिथल्या शेतांत आणि कालव्यांच्या गाळात हे पांढरे तुकडे अजूनही सापडतात.

आता वाक्यातलं चित्र पाहा: आभाळातून खाली उतरणाऱ्या असंख्य सरळ, फिकट रेघा. आपण मुसळधार म्हणतो तेव्हा मुसळाची जाडी आणि जोर डोळ्यांसमोर येतो. डच माणसाची नजर मात्र धारेच्या लांबीवर आणि सरळपणावर आहे. मला हे निरीक्षण फार नेमकं वाटतं.

पावसाच्या वर्णनात प्राणीच पाहिजे असेल तर डच लोकांकडे ‘होंडेनवेअर’ आहे, कुत्र्याचं हवामान. पाऊस, वारा, गारठा, सगळंच वाईट असलं की हा शब्द येतो. कुत्र्यालाही बाहेर हाकलू नये अशी हवा, असंही ते म्हणतात. तिथे आभाळातून कुत्रा पडत नाही. कुत्री-मांजरी पाडणारा पाऊस इंग्रजांचा.