मरून की वाइन? नवरदेवाच्या मित्राच्या जॅकेटचा प्रश्न

तुळशीचं लग्न उरकलं की आमच्या दुकानात नवरदेवाचे मित्र यायला लागतात. थंडीत गडद जॅकेट शोभतं, शिवाय अस्तराचं जॅकेट ऊबही देतं, म्हणून त्यातले निम्मे तरी 'मरून दाखवा' म्हणतात. मी दोन जॅकेटं समोर ठेवतो, एक मरून आणि एक वाइन. ट्यूबलाइटखाली दोन्ही एकच वाटतात आणि गिऱ्हाईक हाताला लागेल ते उचलतो. पण हे दोन रंग एका घरातले नाहीत. त्यांच्याखाली कुर्ता वेगळा लागतो, डोक्यावरचा फेटाही वेगळा लागतो.

मरून म्हणजे विटेच्या बाजूला झुकलेला लाल, त्याच्या पोटात तपकिरी असते. वाइन म्हणजे जांभळाच्या बाजूला झुकलेला लाल, त्याच्या पोटात निळा असतो. ओळखायचं असेल तर जॅकेट घेऊन दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात या, पण थेट उन्हात धरू नका. शेजारी सोनेरी जरीची एखादी किनार ठेवा. मरून तिच्याशी लगेच जुळतो, जणू त्याच साडीचा पदर. वाइनशेजारी तीच किनार एकदम पिवळी आणि सुटी दिसते. आता चंदेरी काठ ठेवून बघा, नेमकं उलटं होतं. लेबलवरच्या नावावर मात्र विसंबू नका. 'मरून' नावाखाली सर्रास वाइन विकली जाते आणि मोबाइलच्या पडद्यावर तर हा फरक पार पुसला जातो.

कुर्त्याचा हिशोब यातूनच निघतो. मरूनखाली पिवळसर झाक असलेले फिके रंग बसतात: मोतिया, बिस्किटी, फिकी मोहरी. बटणं सोनेरी किंवा पितळी, पायात तपकिरी कोल्हापुरी किंवा मोजडी. वाइनखाली स्वच्छ पांढरा, फिका राखाडी किंवा कांद्याच्या सालीसारखा गुलाबी घ्यावा आणि बटणं चंदेरी. सगळ्यात जास्त चूक होते ती वाइनखाली मोतिया घालण्यात. जांभळट रंगाशेजारी मोतियातला पिवळा उठून दिसतो आणि नवाकोरा कुर्ता कपाटात राहून पिवळा पडल्यासारखा वाटतो. दोष कुर्त्याचा नसतो, शेजाऱ्याचा असतो.

आता उजेडाकडे येऊ, कारण थंडीतल्या लग्नात खरी गंमत तिथे आहे. डिसेंबर-जानेवारीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि गोरज मुहूर्त नेमका त्याच वेळेला असतो. पाच वाजता लॉनवर दोन्ही रंग आपापले दिसतात. सूर्य गेला की आभाळाचा उरलेला उजेड निळसर होतो, आणि मंद उजेडात आपल्या डोळ्यांना सगळ्यात आधी लाल दिसेनासा होतो. बागेतली लाल जास्वंद अंधार पडताना आधी काळी पडते आणि तिची हिरवी पानं बराच वेळ कळतात, तेच इथे होतं. अक्षता पडतात त्या दहा-पंधरा मिनिटांत मरून काय, वाइन काय, दोन्ही काळ्याकडे जातात. मग एखादी आत्या हमखास विचारते, 'अरे, लग्नात काळं कशाला घातलंस?' म्हणून गडद जॅकेटखाली गडद कुर्ता नको. बाटलीसारखा हिरवा कुर्ता आणि मरून जॅकेट दुपारी राजबिंडं दिसतं, पण तिन्हीसांजेला सगळा एकच काळा ठोकळा होतो.

पुढे मांडवातले पिवळे दिवे आणि माळा लागल्या की दोघांच्या वाटा फुटतात. पिवळ्या दिव्यात लाल भरपूर असतो, निळा फार थोडा. मरूनला जे हवं ते मिळतं आणि तो पुन्हा जिवंत होतो. वाइनचं जांभळेपण निळ्यावर चालतं, तोच नाही म्हटल्यावर ती तपकिरी-काळी, मळकट दिसते. त्यामुळे संध्याकाळी, पिवळ्या दिव्यांच्या लग्नाला मी मरूनच देतो. सकाळचा मुहूर्त असेल किंवा पांढऱ्या दिव्यांचा हॉल असेल, तर वाइनसारखा रंग नाही.

गेल्या हंगामातल्या एका मुलाचं सांगतो. मित्राचं लग्न नाशिकला, लॉनवर, गोरज मुहूर्त. त्याने घरबसल्या 'मरून' मखमली जॅकेट मागवलं होतं आणि खाली घालायला मोतिया कुर्ता हवा म्हणून आला होता. दारात धरलं तर सरळसरळ वाइन. मी त्याला दोनच गोष्टी विचारल्या: नवरदेव काय घालणार आहे आणि फेटे कुठल्या रंगाचे आहेत? त्याने तिथूनच फोन लावला. नवरदेव मोतिया शेरवानीत, फेटे सगळ्यांना भगवे.

फेट्याचा हा प्रश्न कुणीच आधी विचारत नाही. फेटा बांधणारा मांडवात येतो आणि डोक्यावर असा रंग चढवतो जो आपण निवडलेला नसतो. भगव्याखाली मरून शोभतो, दोन्ही उबदार. भगव्याखाली वाइन मात्र भांडते, चेहऱ्याच्या वर नारिंगी आणि खाली जांभळट, मधे चेहरा निस्तेज. फेटे राणी रंगाचे असते तर मीच त्याला वाइन ठेव म्हटलं असतं.

तर मोतिया बाद, कारण तो नवऱ्याचा. मुहूर्तासाठी वाइनही बाद. कच्च्या रेशमासारख्या पोताचं मरून जॅकेट काढलं आणि खाली बिस्किटी कुर्ता. मोहरीही चालली असती, पण डोक्यावर भगवा असताना अंगात मोहरी म्हणजे दोन रंग एकाच जागेसाठी धडपडणार. बिस्किटी नवऱ्याच्या मोतियाच्या फार जवळ जात नाही ना, हे बघायला मोतिया कापडाचा तुकडा शेजारी ठेवून मी दुकानातले पांढरे दिवे बंद केले आणि फक्त पिवळा दिवा लावला. फरक टिकला. टिकला नसता तर आणखी एक छटा खाली उतरलो असतो. पिवळ्या दिव्यात सगळे फिके रंग एकमेकांच्या जवळ सरकतात, म्हणून ही परीक्षा त्याच दिव्यात घ्यायची.

त्याला मखमल सोडवत नव्हती, थंडीत ऊब मिळेल म्हणून. ऊब खरी, पण मखमल उजेड गिळते. तोच रंग रेशमी पोतात चमक धरून दिसतो आणि मखमलीत एक-दोन छटा गडद. शिवाय मखमलीची लव बघावी लागते. हात वरून खाली फिरवा, मग खालून वर. एका दिशेने कापड उजळ दिसतं, दुसऱ्या दिशेने गडद. शिवताना एक भाग उलटा कापला गेला असेल तर जॅकेटच्या दोन बाजू दोन रंगांच्या दिसतात. या मुलाच्या जॅकेटचा डावा पुढा असाच होता. बटणं लावून आरशासमोर उभा केला तेव्हा त्याला स्वतःलाच दिसलं.

बदलून घ्यायची मुदत अजून होती, त्याने तेच जॅकेट दुसऱ्या नगाशी बदलून घेतलं. आदल्या रात्रीचं सीमांतपूजन हॉलमध्ये, पांढऱ्या दिव्यांत होतं आणि तेव्हा फेटे नव्हते. तिथे त्याने फिक्या राखाडी कुर्त्यावर तीच वाइन घातली.