लेखक मध्येच बोलतो, तरी डोळे भरतात : पार्श्वभूमी

कादंबरी लिहिणाऱ्या माणसावरची कादंबरी वाचताना एक प्रश्न हमखास पडतो. लेखक दर थोड्या पानांनी सांगत असतो, की हे पात्र मी रचलंय, हा प्रसंग अजून जमलेला नाही, इथून पुढे कुठे जावं ते मला सुचत नाही. तरीही त्या रचलेल्या पात्राचं काही वाईट झालं की आपल्या पोटात कालवतं. हे होतं कसं? नाशकात वाचणाऱ्यांच्या गप्पांत हा विषय निघाला की उत्तर बहुधा पाश्चात्त्य साहित्यात शोधलं जातं. अशा स्वतःच्या रचलेपणाविषयी बोलणाऱ्या लेखनाला दिलेलं 'मेटाफिक्शन' हे नाव तिथलं आहे, अमेरिकी लेखक विल्यम गॅस यांनी ते १९७० मध्ये वापरलं, तेव्हा हा ओढा साहजिक आहे. पण प्रश्न त्या नावापेक्षा खूप जुना आहे, आणि त्याचा एक मोठा धागा आपल्या गोदाकाठावरून जातो.

मुळात हे कोडं का वाटतं ते आधी पाहू. १८१७ मध्ये इंग्रज कवी कोलरिजने लिहिलं, की काव्य वाचताना आपण आपला अविश्वास काही काळापुरता स्वखुशीने बाजूला ठेवतो. हे सूत्र कॉलेजच्या वर्गांत इतकं रुळलं, की गोष्ट खरी नाही याचा विसर पडतो म्हणूनच ती भिडते, असं आपण धरून चालायला लागलो. एकदा ते धरलं, की 'ही गोष्ट आहे बरं का' असं सांगणारा लेखक भावनेच्या मुळावर उठल्यासारखा वाटणारच. माझ्या मते घोळ इथेच आहे. भावना विसरण्यावर उभी असते हे गृहीतकच कच्चं आहे, आणि आपल्याकडच्या नाटककारांना ते फार पूर्वी ठाऊक होतं.

भवभूती आठव्या शतकातला, विदर्भातल्या पद्मपूरचा. त्याच्या 'उत्तररामचरित'चा तिसरा अंक पंचवटीत घडतो. सीतात्यागानंतर बारा वर्षांनी राम जनस्थानात परत येतो, सीतेने वाढवलेली झाडं आणि प्राणी पाहतो आणि कोसळतो. अदृश्य रूपात तिथेच असलेली सीता त्याला स्पर्श करून शुद्धीवर आणते. संस्कृत नाटकातल्या सर्वांत करुण अंकांत याची गणना होते. पण या नाटकाची सुरुवात कशी आहे पाहा. सूत्रधार रंगमंचावर येतो आणि प्रेक्षकांना सरळ सांगतो, की कामापुरता मी आता अयोध्येचा आणि त्या काळचा माणूस झालो आहे. बदल लपवलेला नाही, तो डोळ्यांदेखत जाहीर केलेला आहे.

सातव्या अंकात भवभूती आणखी पुढे जातो. गंगेच्या काठी वाल्मीकीने रचलेलं नाटक अप्सरा सादर करतात आणि राम-लक्ष्मण ते बघायला बसलेले असतात. विषय आहे टाकून दिलेल्या सीतेचे हाल. म्हणजे राम स्वतःच्याच आयुष्यावरचं नाटक प्रेक्षक म्हणून पाहतोय. समोर सीता गंगेत उडी घेते आणि राम ओरडून उठतो. लक्ष्मणाला त्याला आठवण करून द्यावी लागते, की हे नाटक आहे. राम ऐकतो, पुन्हा बघू लागतो आणि पुन्हा हेलावतो, शेवटी बेशुद्ध पडतो. त्याला ही गोष्ट रचलेली आहे हे माहीत नाही असं कुणी म्हणू शकणार नाही, भाऊ शेजारी बसून तेच सांगतो आहे. आणि त्याच्यामागे आपण प्रेक्षक, नाटकातलं नाटक बघून रडणाऱ्या माणसाला बघून रडणारे. 'हे नाटक आहे' ही टीप आणि अश्रू इथे एकत्र नांदतात.

याचा उलगडा साधारण इसवी सन १००० च्या सुमारास काश्मीरच्या अभिनवगुप्ताने केला. भरताच्या नाट्यशास्त्रावर लिहिताना त्याने रसास्वादात येणाऱ्या अडथळ्यांची चर्चा केली आहे. त्यांतला एक आपल्या कामाचा आहे. समोरचं दुःख माझंच आहे असं वाटलं तर प्रेक्षक घाबरतो, लाजतो, पळ काढू पाहतो. ते अमक्या परक्या माणसाचं आहे असं वाटलं तर तो तटस्थ राहतो. दोन्हीकडे रस मरतो. हा अडथळा दूर करायला अभिनवगुप्त जो उपाय सांगतो तो आजही चकित करतो. पूर्वरंग आणि प्रस्तावना उघडपणे दाखवायची. प्रेक्षकाला आधी नट नट म्हणून दिसू द्यायचा आणि मग मुकुट-वेशाने तो झाकायचा. असं केलं की प्रेक्षक त्याला धड नट समजत नाही आणि धड राम समजत नाही. दुःख कुणा एकाच्या मालकीचं उरत नाही आणि म्हणून ते सगळ्यांना भोगता येतं.

म्हणजे 'हे रचलेलं आहे' ही कबुली रसाच्या आड येत नाही, ती रसाची पूर्वतयारी करते. ज्यांनी रामनवमीच्या दिवसांत पंचवटीत कीर्तन ऐकलंय त्यांना हे पटवून द्यावं लागणार नाही. बुवा आख्यान ऐन रंगात असताना थांबतात, आजच्या संसारावर दोन शब्द बोलतात, साथीला खूण करतात आणि परत सीतेच्या वनवासात शिरतात. श्रोत्यांचे डोळे त्या थांब्याने कोरडे होत नाहीत. थांबा जुळला असेल तर ते अधिकच भरतात.

आता कादंबरीकडे. स्पॅनिश कादंबरीकार सर्व्हान्टेसचं उदाहरण सगळे देतात, त्यामुळे एवढंच नोंदवतो, की 'डॉन किहोते'चा पहिला भाग १६०५ मध्ये आला आणि १६१५ च्या दुसऱ्या भागातल्या लोकांनी तो पहिला भाग वाचलेला आहे. तरीही अंथरुणाला खिळलेल्या डॉन किहोतेचा शेवट वाचताना हसू येत नाही.

कादंबरी लिहिण्यावरची कादंबरी याचा सर्वांत स्वच्छ नमुना मात्र फ्रेंच लेखक आंद्रे जीदची १९२५ ची 'ले फो-मोनेयर' आहे. नावाचा अर्थ, खोटी नाणी पाडणारे. तिच्यात एद्वार नावाचा लेखक याच नावाची कादंबरी लिहितो आहे आणि तिच्याविषयी रोजनिशी ठेवतो आहे. जीदनेही लिहिताना रोजनिशी ठेवली होती, ती पुढे वेगळी प्रसिद्ध झाली. कादंबरीच्या मध्यात, स्वित्झर्लंडमधल्या एका गावी, एद्वार मित्रांना आपली मोठी कल्पना समजावत असतो. वास्तव आणि लेखकाने त्याचं करू पाहिलेलं काहीतरी यांच्यातली झटापट हाच विषय, असं त्याचं म्हणणं. त्यांतली लॉरा त्याला म्हणते, की ही कादंबरी तुझ्या हातून कधीच होणार नाही. तेवढ्यात तरुण बेर्नार खिशातून खरोखरचं खोटं नाणं काढून दाखवतो. वर सोनेरी मुलामा, आत काच. एद्वारला त्यात फारसा रस वाटत नाही. ज्या वस्तूवर त्याचं पुस्तक उभं राहायचं, ती समोर आली तर त्याला अडचण होते.

याच भागाच्या शेवटी जीद स्वतः पुढे येतो आणि आपल्या पात्रांचा हिशेब मांडतो. कोण आपल्याला आवडतो, कोणाने आपला अपेक्षाभंग केला, पुढे काय होईल याची आपल्याला काळजी का वाटते. वरवर पाहता ही शुद्ध टीपणी आहे. पण तिच्यात एक वाक्य असं येतं ज्याचा चटका शेवटी बसतो. एद्वारने बोरिस नावाच्या नाजूक मुलाला पॅरिसच्या एका वसतिगृहशाळेत ठेवायचं ठरवलेलं असतं. हे मुलाच्या भल्यासाठी आहे असं तो स्वतःला पटवतो, आणि लेखकाला नेमकं हेच खटकतं.

शेवटाकडे त्या शाळेतली मुलं एक गुप्त मंडळी काढतात. बलवान माणसाला जिवाची पर्वा नसते हे त्यांचं ब्रीद. चिठ्ठ्या टाकल्या जातात आणि बोरिसचंच नाव येईल अशी सोय आधीच केलेली असते. पिस्तूल त्याच्या म्हाताऱ्या आजोबांचं, जे त्यांना स्वतःवर झाडता आलं नव्हतं. अभ्यासाच्या तासाला आजोबाच देखरेखीला बसलेले असतात. फरशीवर खडूने गोल काढलेला आहे. बोरिस त्यात जाऊन उभा राहतो. या पानांत निवेदकाची बडबड जवळजवळ थांबते, आणि त्याने आधी किती बोलून ठेवलंय हे आपल्याला तेव्हा कळतं. मधल्या भागातली टीपणी आता भविष्यवाणीसारखी अंगावर येते. ती नसती तर हा एक अपघात वाटला असता. ती असल्यामुळे एका लेखकाच्या निष्काळजीपणाचा हिशेब आपण वाचतोय असं वाटतं.

मग एद्वार रोजनिशीत लिहितो, की बोरिसची आत्महत्या मी माझ्या कादंबरीत घेणार नाही, कारण ती मला नीट समजत नाही आणि पुरेसं कारण नसलेली घटना मला नको. जीदने ही घटना १९०९ च्या वर्तमानपत्रांतल्या क्लेरमॉं-फेरॉंच्या एका शाळकरी मुलाच्या बातमीवरून घेतली होती, म्हणजे एद्वारने जे नाकारलं ते त्याच्या निर्मात्याने पदरात घेतलं. वाचकाचा संताप इथे उसळतो. पोर गेलं आणि हा बाबा कारणं मोजतोय. संतापाच्या पोटात दुःख असतं, आणि ते लेखनाविषयीच्या एका मतातून आपल्यापर्यंत पोहोचलेलं असतं.

हे दरवेळी साधत नाही. १९७० नंतर अशा लेखनाची लाट आली आणि त्यांतलं बरंचसं आज वाचवत नाही. बिघाड ओळखायची माझी रीत अशी : टीपणी कुणाच्या अंगावर जाते ते पाहावं. जीदची टीपणी एद्वारला जबाबदार धरते आणि पर्यायाने लेखकालाही. फसलेल्या पुस्तकांत ती लेखकाला सोडवते. प्रसंग अवघड झाला, भावना ओशाळवाणी वाटली, की 'हे सगळं खोटंच आहे' म्हणून तो बाजूला होतो. दुसरी खूण म्हणजे टीपणीची पानं मनातल्या मनात काढून टाकावीत. खालची माणसं तशीच उभी राहिली आणि त्यांचं काहीच कमी झालं नाही, तर ती टीपणी निव्वळ सजावट होती. माणसंच उरली नाहीत, तर मुळात गोष्टच नव्हती. बोरिसच्या बाबतीत मृत्यू उरतो, पण दोष कुणाचा हे निघून जातं.

मराठीत याचं जवळचं उदाहरण भालचंद्र नेमाडे यांची १९६३ ची 'कोसला' आहे. ती कादंबरी लिहिण्यावरची नाही, पण तिचा निवेदक आपल्या सांगण्याकडे सतत तिरक्या नजरेने पाहतो. पहिल्या ओळींतच तो स्वतःची ओळख 'उदाहरणार्थ' हा शब्द घालून करून देतो, आणि पुढे 'वगैरे' म्हणत प्रत्येक विधानाची धार काढत राहतो. असा माणूस धाकट्या बहिणीच्या मृत्यूपाशी येतो. तोवर त्याने आपल्याला एवढं पढवलेलं असतं, की मोठे शब्द तो वापरणार नाही याची खात्री असते, आणि म्हणून तिथे तो जे काही म्हणतो त्यावर आपला पूर्ण विश्वास बसतो. गंभीरपणाचा आव आणणाऱ्या निवेदकाला हा विश्वास मिळाला नसता. मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांना तो भाग पाठ नसला तरी आठवतो, आणि त्याविषयी बोलताना माणसं आवाज जरा खाली आणतात हे मी अनेकदा पाहिलंय.