कोळंबी : साफ करणे व शिजवणे

कोळंबी हा दशपाद गणातील कवचधारी जलचर. तिचा खाण्याचा भाग म्हणजे डोक्यामागचे सहा खंडांचे उदर. व्यवहारात त्यालाच शेपटी म्हणतात. पाण्यात मागच्या मागे झटक्याने उडी घेता यावी म्हणून हा भाग जवळजवळ निव्वळ स्नायूंचा बनलेला असतो. मटणात तंतूंना बांधून ठेवणारी ऊती बरीच असते, ती दीर्घकाळ शिजल्यावर विरघळते आणि मांस मऊ पडते. कोळंबीत अशी विरघळण्याजोगी ऊती फार थोडी. त्यामुळे जास्त वेळ शिजवण्याचा तिला फायदा नाही, तोटा मात्र निश्चित आहे.

कोळंबीत दोन दोष आढळतात आणि ते वारंवार एकमेकांत मिसळले जातात. वातड कोळंबी दाताखाली रबरासारखी ताणली जाते. हा दोष बहुतेक वेळा चुलीवर निर्माण होतो. पिठूळ किंवा गिळगिळीत कोळंबी दाताखाली विरते. हा दोष बहुधा चुलीवर येण्यापूर्वीचाच असतो. कोळंबीच्या डोक्यात नारिंगी-तपकिरी रंगाची पाचकग्रंथी असते. प्राणी मेल्यावर तिच्यातील पाचक रस शेजारच्या मांसात झिरपू लागतात आणि मानेजवळचा भाग आधी सैल पडतो. गोड्या पाण्यातील मोठ्या कोळंबीत हे विशेष लवकर घडते. म्हणून सडोकी कोळंबी लगेच शिजवायची नसेल तर डोके आधी काढावे, ग्रंथीचा चिकट अंश गार पाण्याने धुवावा आणि कोळंबी बर्फावर ठेवावी. सैल पडलेले मांस कमी शिजवून किंवा जास्त शिजवून सुधारत नाही. कवचावर काळे डाग पडणे हा तिसराच प्रकार. कापलेल्या सफरचंदाप्रमाणे विकरांमुळे ते डाग पडतात, नुसत्या डागांवरून कोळंबी नासली असे ठरत नाही. अमोनियासारखा उग्र वास हे त्याहून भरवशाचे लक्षण.

पाठीवरचा धागा. साफ करताना पाठीतून जो काळा दोरा काढतात त्याला पुष्कळ ठिकाणी शीर म्हटले जाते. हे नाव चुकीचे आहे. कोळंबीचे रक्ताभिसरण खुल्या प्रकारचे असते आणि तिचे रक्त जवळपास रंगहीन असते; तेव्हा काळी शीर दिसण्याचा प्रश्नच येत नाही. तो धागा म्हणजे आतडे. डोक्यातील जठरापासून ते पाठीच्या मध्यरेषेवर, कवचाच्या अगदी खाली, सरळ शेपटाच्या बुडाशी जाऊन संपते. आतील काळेपणा अर्धवट पचलेल्या अन्नाचा आणि वाळूचा. पकडण्यापूर्वी उपाशी ठेवलेल्या शेततळ्यातील कोळंबीचे आतडे रिकामे, पारदर्शक असते आणि धागा नाहीच असे वाटते. पोटाच्या बाजूने जाणारी पांढुरकी बारीक दोरी ही चेतारज्जू; ती काढण्याचे कारण नाही.

आणखी एका गोष्टीने फसगत होते. पिकलेल्या मादीची अंडाशये आतड्याच्या वरून पाठीभर पसरलेली असतात. कच्ची असताना ती हिरवट, शिजल्यावर नारिंगी दिसतात आणि धाग्यापेक्षा बरीच रुंद असतात. हा हिरवा पट्टा घाण समजून खरवडून टाकला जातो. वास्तविक तो खाण्याजोगा आहे. ओळखण्याची खूण साधी : धागा चिमटीत धरून ओढता येतो, अंडाशय ओढल्यास तुकड्यातुकड्यांनी निघते.

धागा काढलाच पाहिजे काय, याबद्दल मतभेद आहेत. आरोग्याच्या दृष्टीने तो काढणे अनिवार्य मानणारा एक पक्ष; पूर्ण शिजलेल्या कोळंबीत धाग्याने अपाय होत नाही, प्रश्न केवळ रूपाचा व कचकचीचा आहे असे म्हणणारा दुसरा. दुसरे मत अधिक सयुक्तिक दिसते, पण आकाराची अट घालून : बोटाच्या पेराएवढ्या कोळंबीत धागा जाणवत नाही, मोठ्या कोळंबीत वाळू स्पष्टपणे दाताखाली येते आणि भरलेल्या आतड्याची कडवट चवही उतरते.

काढण्याच्या पद्धती मुख्यतः दोन. पहिलीत कवच सोलून (पाय धरून कवच बाजूने उलगडत नेले की ते सहज सुटते) पाठीच्या मध्यावर धारदार सुरीच्या टोकाने 2 ते 3 मिमी खोल चीर देतात आणि धागा सुरीच्या टोकावर उचलतात. दुसरीत चीर नसते. कोळंबी बोटांत वाकवायची, डोक्याकडून दुसऱ्या व तिसऱ्या खंडांच्या सांध्यात दातकोरणी धाग्याखालून आडवी घालायची आणि हळूच वर उचलायची. धागा फासासारखा वर येतो. मग तो चिमटीत धरून आधी शेपटीकडचा, नंतर डोक्याकडचा भाग ओढून घ्यायचा. घाईत झटका दिला की तो सहाव्या खंडात तुटतो आणि शेवटचा तुकडा आत राहतो. बर्फात कडक झालेल्या कोळंबीतही धागा तुटतो, म्हणून ती पूर्ण सुटी होऊ द्यावी.

निवड करताना शिजण्याचा विचार करावा लागतो, आणि तो क्वचितच केला जातो. चीर जितकी खोल तितका पृष्ठभाग वाढतो आणि उष्णता दोन्ही कडांतून आत शिरते. अर्ध्यापर्यंत चिरलेली कोळंबी फुलासारखी उघडते, मसाला चांगला धरते, पण अखंड कोळंबीच्या आधी शिजते. दोन्ही प्रकार एकाच कढईत टाकले तर त्यांतला एक बिघडणारच. रस टिकवणे हाच हेतू असेल तर दातकोरणीची पद्धत सरस. कवचासह भाजायची असल्यास कात्रीने कवच पाठीवर कापून धागा काढता येतो. कवच झाकणासारखे काम करते आणि त्यासाठी प्रत्येक बाजूस सुमारे अर्धा मिनिट जास्त धरावा.

सोललेली कोळंबी साध्या पाण्यात भिजत ठेवू नये. ती पाणी शोषते, चव उतरते आणि ते पाणी पुढे कढईत सुटते.

वातडपणाचे कारण. कोळंबीच्या स्नायूंत मायोसिन व ॲक्टिन ही दोन प्रथिने प्रमुख. मायोसिन साधारण 40° ते 50° से.च्या टप्प्यात घट्ट होऊ लागते. काचेसारखे करडे मांस दुधाळ होते ते यामुळे, आणि हा बदल हवासा असतो. ॲक्टिन मात्र 65° से.च्या पुढे आकसू लागते, तंतू आखडतात आणि धरून ठेवलेले पाणी पिळून बाहेर पडते. वातडपणा पाणी गेल्याने येतो की तंतू आखडल्याने, असा वाद घातला जातो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असल्याने तो वाद फारसा फलदायी नाही. तरी रश्श्यात बुडालेली कोळंबीसुद्धा वातड होते, यावरून आखडण्याला अधिक महत्त्व द्यावे लागते. भोवती पाणी असले म्हणून आतले पाणी टिकते असे नाही.

म्हणजे लक्ष्य आहे गाभ्यात सुमारे 60° ते 63° से. सागरी अन्नासाठी सुरक्षिततेचा प्रचलित दंडकही 63° से. आहे. गर्भवती, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी त्याखाली थांबू नये. हा पट्टा अरुंद आहे, आणि तापलेल्या कढईत मध्यम कोळंबी तो अर्ध्या-पाऊण मिनिटात ओलांडते.

कृती : अर्धा किलो सोललेली मध्यम कोळंबी. नग सुमारे 18 ग्रॅमचा धरल्यास 27-28 नग होतात. गोठलेली असल्यास ती रात्रभर शीतकपाटात किंवा बंद पिशवीत घालून गार पाण्यात अर्धा तास ठेवून सुटी करावी. गरम पाण्यात बाहेरचा थर शिजू लागतो आणि गाभा तसाच थिजलेला राहतो. नंतर कोरडी करून 1 चहाचा चमचा मीठ व पाव चमचा खाण्याचा सोडा चोळून 20 ते 30 मिनिटे शीतकपाटात ठेवावी. मिठाने तंतू काहीसे सैल होऊन पाणी धरतात. सोड्याने मांसाची अल्कता वाढते आणि तापल्यावर तंतू परस्परांना कमी घट्ट चिकटतात. पाव चमच्याच्या वर गेल्यास साबणासारखी चव येते आणि मांस काचेसारखे कडकडीत लागते. लिंबू, चिंच यांची क्रिया नेमकी उलट : आम्लाने पाणी सुटते आणि वरचा थर कच्चाच पांढरा पडतो. आंबट मुरवण 10 ते 15 मिनिटांपलीकडे नेऊ नये, किंवा आंबट शेवटीच घालावे.

मुरल्यावर कोळंबी न धुता फडक्याने टिपून घ्यावी. जाड बुडाचा, 28 सेंमी रुंदीचा तवा 2 ते 3 मिनिटे तापवून त्यावर 1 मोठा चमचा तेल घालावे आणि निम्मीच कोळंबी एका थरात मांडावी. सगळी एकदम घातली तर तवा थंड होतो, सुटलेले पाणी आटत नाही आणि कोळंबी परतली न जाता स्वतःच्या पाण्यात उकडत राहते. रंग येण्याची वाट पाहण्यात ती वातड होते. पहिल्या बाजूस न हलवता 75 ते 90 सेकंद, उलटून 30 ते 45 सेकंद. मग ताबडतोब ताटात काढावी. तव्यातच ठेवून आच बंद करणे म्हणजे शिजवणे चालू ठेवणे होय.

झाली हे ओळखावे कसे? कवचाचा लाल रंग फसवा आहे. तो रंग प्रथिनाला बांधलेला असतो, उष्णतेने सुटा होतो आणि गाभा कच्चा असतानाच बाहेर दिसू लागतो. आकाराची खूण (अर्धचंद्रासारखी वाकली तर झाली, वेटोळे पडले तर जास्त झाली) सर्वत्र सांगितली जाते आणि ढोबळमानाने खरी आहे. परंतु खोल चिरलेली कोळंबी वेगळीच वळते, पोटाला आडव्या बारीक चिरा दिलेली किंवा काडीला ओवलेली तर वळतच नाही. त्याहून विश्वसनीय जागा म्हणजे डोक्याकडचा सर्वांत जाड टोकाचा भाग. पाठीची चीर किंचित फाकवून तिच्या तळाशी पाहावे. तेथे करडी चमक मसुराएवढी उरली असेल तेव्हाच काढावी, आतील उष्णतेने ती ताटात मिनिटभरात पांढरी होते. चमक तशीच राहिली तर 15 सेकंद पुन्हा तव्यावर टाकता येते. जास्त झालेली मात्र परत आणता येत नाही.

उकडण्यासाठी खळखळते पाणी लागत नाही. खारट पाण्याला उकळी आणून आच बंद करावी, कोळंबी घालून झाकावे. याच आकाराची कोळंबी सुमारे 3 मिनिटांत होते. त्यासाठी पाणी भरपूर हवे, अर्धा किलोला निदान 2 लिटर. गार खायची असल्यास लगेच बर्फाच्या पाण्यात काढावी. रश्श्यासाठी रस्सा आधी पूर्ण तयार करून, कोळंबी शेवटी घालून 3 मिनिटे मंद आचेवर ठेवावी. रस्सा पुन्हा गरम करताना कोळंबी आधी बाजूला काढणे चांगले.