मॅमोग्राफी अहवालाचे बायरॅड्स श्रेणीकरण

मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाच्या एक्स-रे तपासणीच्या, सलग लिहिलेल्या अहवालातून स्तनाची बाजू, दिसलेले दोष, बायरॅड्स श्रेणी आणि पुढची शिफारस वेगळी काढून ठरावीक रकान्यांत नोंदवण्याची पद्धत. बायरॅड्स म्हणजे स्तनाच्या प्रतिमांचा निष्कर्ष ठरावीक श्रेणींत सांगण्याची पद्धत; अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने ती १९९३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. त्यात ० ते ६ अशा श्रेणी आहेत.

हे आकडे धोक्याच्या चढत्या क्रमाने लावलेले आहेत, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. ० म्हणजे तपासणी अपुरी, आणखी प्रतिमा किंवा जुने चित्र हवे. १ व २ मध्ये नेहमीची तपासणी पुरते. ३ मध्ये कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नसते आणि साधारण सहा महिन्यांनी पुन्हा पाहतात. ४ व ५ मध्ये बायोप्सी सुचवतात. ६ म्हणजे बायोप्सीने आधीच सिद्ध झालेला कर्करोग. म्हणून डावीकडे ६ आणि उजवीकडे नव्याने ४ असेल, तर एकूण श्रेणी ४ लागते, कारण उजवीकडची बायोप्सी अजून व्हायची आहे. सर्वांत मोठा आकडा उचलणारी नोंद इथे ती बायोप्सी झाकून टाकते.

एक काल्पनिक अहवाल घेऊ: ‘उजव्या स्तनात १० वाजताच्या जागी, वरच्या-बाहेरच्या भागात १४ मिमीची, काटेरी कडांची गाठ. डावीकडे पॉपकॉर्नसारखे कॅल्सिफिकेशन; मागील अहवालात तिथे श्रेणी ३. निष्कर्ष: उजवीकडे ५, डावीकडे २. उजवीकडे बायोप्सी करावी.’ याच्या दोन ओळी होतात. उजवी: काटेरी गाठ, श्रेणी ५, बायोप्सी. डावी: सौम्य कॅल्सिफिकेशन, श्रेणी २, नेहमीची तपासणी. मागची ३ आजच्या रकान्यात जाता कामा नये. शब्द शोधून भरणाऱ्यांकडून ही चूक वारंवार होते.

बाजूची अदलाबदल सर्वांत घातक, आणि ती पकडायला घड्याळाची खूण उपयोगी पडते. घड्याळ समोरून पाहणाऱ्याच्या नजरेने धरतात. त्यामुळे १० वाजताची जागा उजव्या स्तनात वर-बाहेर येते, तर डाव्या स्तनात वर-आत. ‘डावा, १० वाजता, वरचा-बाहेरचा’ असे लिहिलेले दिसले, की बाजू, घड्याळाची खूण आणि भाग या तिन्हींपैकी काहीतरी चुकले आहे. १२ किंवा ६ वाजताच्या किंवा थेट स्तनाग्रामागच्या गाठीला मात्र ही कसोटी लागू पडत नाही. तिथे मूळ प्रतिमेवरची बाजूची खूणच पाहावी लागते.

अहवालात श्रेणी लिहिलेलीच नसेल, तर वर्णनावरून ती आपण ठरवू नये. ‘काटेरी’ म्हणून ५ भरणे म्हणजे नोंद करणाऱ्याने निदान करणे. रकाना रिकामा ठेवून अहवाल रेडिओलॉजिस्टकडे परत पाठवावा. श्रेणी २ असून बायोप्सीची शिफारस असेल, तर दोन्ही जसेच्या तसे नोंदवावे आणि विचारणा करावी: हाताला लागणाऱ्या गाठीमुळे प्रतिमा सौम्य असूनही डॉक्टरांनी बायोप्सी सुचवलेली असू शकते.